ब्रँड जाहिरात बंद झाल्यावरही तिचा परिणाम सर्चच्या खात्यात कसा जमा होतो आणि तो कसा मोजायचा

प्रश्न: आम्ही गाद्या ऑनलाइन विकतो. आठ आठवडे व्हिडिओच्या ब्रँड जाहिराती चालवल्या. डॅशबोर्डवर त्यांच्या नावावर जवळपास एकही ऑर्डर नाही, उलट त्या काळात साइटचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे भेटींमागे ऑर्डरचं प्रमाण, खाली आला. जाहिराती बंद केल्यावर पुढचा महिनाभर विक्री तशीच राहिली. मग हे पैसे सरळ सर्चला द्यावेत का? आधीच्या ब्रँड खर्चाने नंतरचा कन्व्हर्जन रेट वाढतो म्हणतात, ते खरंच मोजता येतं का?

उत्तर:

मोजता येतं, पण डॅशबोर्डवरून नाही. तुम्ही जी तीन निरीक्षणं दिली आहेत, ती ब्रँड जाहिरात पूर्ण फसली असती तरी अशीच दिसली असती आणि उत्तम चालली असती तरीही अशीच दिसली असती. त्यामुळे त्यांच्या आधारावर बजेट हलवू नका. तिन्ही आकडे असे का दिसतात ते आधी पाहू, मग चाचणी कशी लावायची ते सांगतो.

गादी माणूस वर्षानुवर्षांतून एकदा घेतो. कोणताही एक आठवडा घेतला, तर त्या आठवड्यात गादी शोधणारे लोक फार थोडे असतात. सर्चची जाहिरात या थोड्यांनाच गाठते, कारण ती कुणीतरी काही शोधल्यावरच दिसते. व्हिडिओची जाहिरात मात्र ज्यांना आज गादी नकोच आहे अशा मोठ्या गर्दीला दिसते. ती पाहून कुणी लगेच ऑर्डर देत नाही. नाव आणि एखादी खूण तेवढी डोक्यात राहते. दोन महिन्यांनी त्यातल्या एखाद्याची जुनी गादी दबते, पाठ दुखायला लागते, तो ‘पाठदुखीसाठी गादी’ असं शोधतो. समोर चार नावं येतात, त्यातलं एक ओळखीचं वाटतं. तो त्यावर क्लिक करतो, आणि पैसे भरायच्या पानावर त्याचा हात कमी अडखळतो. गादी झोपून न बघता घ्यायची असल्यामुळे इथे ही अडखळ फार मोठी असते.

हिशेबात मात्र काय दिसतं? क्लिकचे पैसे सर्चने भरले, ऑर्डर सर्चच्या नावावर पडली, सर्चचा कन्व्हर्जन रेट सुधारला. ज्या खर्चाने तो सुधारला, तो दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या रकान्यात लिहून बंद झालेला आहे. कन्व्हर्जन रेट म्हणजे पानाची गुणवत्ता, अशी आपल्याला सवय लागलेली असते. पण पान तेच, किंमत तीच, आणि येणारा माणूस तुम्हाला आधीपासून ओळखणारा असला, तर रेट वेगळाच येतो.

ओळखीचा दुसरा फायदा क्लिकच्या किमतीत दिसतो. गूगल अॅड्स लिलावात तुमच्या जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता किती, हेही धरते. ओळखीच्या नावावर त्याच जागी जास्त लोक क्लिक करत असतील, तर तीच जागा स्वस्तात मिळू शकते. पुढच्या हिशेबात मी हा फायदा धरलेला नाही. तो मिळाला तर वरचा समजा.

आता डॅशबोर्डवरचं शून्य. मेटाच्या जाहिरातींत ऑर्डर मोजण्याची नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर १ दिवस अशी असते. गूगल अॅड्समध्ये क्लिकनंतरची मूळ मुदत ३० दिवसांची असते. तुमचा ग्राहक व्हिडिओवर क्लिक करतच नाही आणि त्याला गरज पडते ती सहा-आठ आठवड्यांनी. म्हणजे बहुतेक परिणाम मुदतीबाहेर जातो. जो मुदतीत बसतो, त्यातलाही मोठा भाग शेवटचा क्लिक मिळवणाऱ्या सर्चकडे किंवा रिटार्गेटिंगकडे, म्हणजे साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींकडे, जातो. शून्य हा मोजपट्टीचा निकाल आहे, जाहिरातीचा नाही.

साइटचा कन्व्हर्जन रेट खाली आला, हा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण तो आकडा खोटा नाही. तो चुकीच्या गोष्टीची सरासरी आहे. हे एका काल्पनिक आठवड्यावरून पाहा:

| कुठून आले | आधी: भेटी | आधी: ऑर्डर | नंतर: भेटी | नंतर: ऑर्डर |
|---|---|---|---|---|
| ब्रँडचं नाव नसलेला सर्च | १०,००० | २१० (२.१%) | १०,००० | २४० (२.४%) |
| थेट साइटवर | ४,००० | १६० (४.०%) | ४,५०० | १८९ (४.२%) |
| व्हिडिओवरून, कुतूहलाने | ० | ० | ५,००० | १५ (०.३%) |
| एकूण | १४,००० | ३७० (२.६४%) | १९,५०० | ४४४ (२.२८%) |

आधीच्या दोन्ही वाटांचा रेट वाढला, ऑर्डर ३७० वरून ४४४ झाल्या, आणि साइटचा एकूण रेट २.६४ वरून २.२८ टक्क्यांवर आला. कारण एकच: आज काही न घेणारे पाच हजार लोक भाजकात येऊन बसले. म्हणून ब्रँडचा परिणाम पाहताना साइटचा एकूण कन्व्हर्जन रेट बाजूला ठेवा आणि एकाच वाटेचा रेट पाहा. माझ्या मते त्यासाठी सर्वांत स्वच्छ वाट म्हणजे ब्रँडचं नाव नसलेला सर्च. ‘गादी’, ‘पाठदुखीसाठी गादी’, ‘डबल बेडची गादी’ असं शोधणाऱ्याची गरज जाहिरातीपूर्वी आणि जाहिरातीनंतर साधारण सारखीच असते. त्या वाटेवर बदलते ती फक्त तुमची ओळख.

ब्रँडच्या नावाचा सर्च या मापासाठी घेऊ नका. तुमचं नाव टाइप करणारा माणूस आधीच तुमच्याकडे निघालेला असतो, म्हणून तिथला रेट कायम उंच आणि खर्च कायम स्वस्त दिसतो. ईबेने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर आपल्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या निकालांतून परत आले. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईबेसारखं सर्वांना माहीत असलेलं नाव आणि तुमचं नाव यांत फरक आहे, आणि तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असतील तर निकाल वेगळा येऊ शकतो. तरी धडा तुमच्या कामाचा आहे. नावाच्या सर्चला मिळालेलं श्रेय बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी कमावलेलं असतं.

चाचणी

वेळेची तुलना, म्हणजे आधीचे आठवडे विरुद्ध नंतरचे आठवडे, इथे चालत नाही. हंगाम, सवलत, प्रतिस्पर्ध्याची मोहीम हे सगळं त्याच काळात बदलत असतं. तुलना जागेची हवी. तुमची विक्री जिथे जिथे होते, त्या प्रदेशाचे साधारण २४ विभाग पाडा. मागच्या वर्षभराची दर आठवड्याची विक्री घ्या आणि ज्यांची चढ-उतार एकमेकांसारखी आहे अशा विभागांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीतला एक विभाग चिठ्ठी टाकून निवडा. त्या १२ विभागांत ब्रँडचे व्हिडिओ चालतील, उरलेल्या १२ मध्ये चालणार नाहीत. जोडीतला कोणता घ्यायचा हे कुणाच्या अंदाजावर सोडू नका, कारण माणूस नकळत चांगला चालणारा विभागच उचलतो.

मग वेळापत्रक. ८ आठवडे काहीच न बदलता नुसती नोंद, ८ आठवडे व्हिडिओ, आणि व्हिडिओ बंद केल्यावर निदान १२ आठवडे पुन्हा नुसती नोंद. हे शेवटचे १२ आठवडे सगळे जण गाळतात आणि नेमका बहुतेक निकाल त्यांतच असतो. या संपूर्ण काळात सर्चचं बजेट, बोली, किंमत, सवलत आणि पान दोन्ही गटांत एकसारखं ठेवायचं. सवलत द्यायचीच असेल तर दोन्हीकडे एकाच दिवशी द्या.

व्हिडिओची मोहीम लावताना उद्दिष्ट जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचणं हेच निवडा. क्लिक किंवा खरेदी हे उद्दिष्ट दिलं, तर यंत्रणा सवयीने क्लिक करणारे किंवा आज-उद्या घेणारच असलेले लोक शोधून त्यांनाच जाहिरात दाखवते. मग तुमच्याकडे ब्रँडचा व्हिडिओ उरतो, ब्रँडची मोहीम उरत नाही. व्हिडिओत सवलतही घालू नका. सवलतीने लगेच उसळी येते आणि सवलत संपली की ती ओसरते. तिची खूण वेगळी असते, आणि ती मिसळली की ब्रँडची हळू चढणारी रेषा त्यात दिसत नाही.

गळती कुठे होते? पहिली, ठिकाणाच्या सेटिंगमध्ये. गूगल अॅड्समध्ये ‘Presence or interest’ निवडलेलं राहिलं, तर विभागात नसलेल्या पण त्या विभागात रस दाखवणाऱ्या लोकांनाही जाहिरात दिसते. ‘Presence’ निवडा. दुसरी, मोजणीत. रेट काढताना क्लिक एका साधनातून आणि ऑर्डर दुसऱ्या साधनातून घेतल्या, एकात विभाग इंटरनेट जोडणीवरून ठरला आणि दुसऱ्यात घरपोच पत्त्यावरून, तर भाजक आणि भाज्य वेगवेगळ्या लोकांचे होतात. रेटसाठी दोन्ही एकाच साधनातून घ्या, आणि पत्त्यावरून काढलेल्या एकूण ऑर्डर वेगळी पडताळणी म्हणून ठेवा. सीमेलगतचे विभाग शक्य असेल तर वगळा, कारण माणसं रोज इकडून तिकडे जातात आणि गळती नेहमी दोन गटांतला फरक लहानच दाखवते.

आकडे कसे वाचायचे

समजा दोन्ही गटांत ब्रँडचं नाव नसलेल्या सर्चचे आठवड्याला १०,००० क्लिक येतात, आणि रोजचं बजेट दोन्हीकडे सारखंच संपत असल्याने क्लिकही सारखेच राहतात. चाचणीपूर्वी दोन्हीकडे रेट २.० टक्के. व्हिडिओच्या काळात व्हिडिओ नसलेल्या गटाचा रेट हंगामामुळे आपोआप २.१ टक्के झाला, म्हणजे आठवड्याला २१० ऑर्डर. व्हिडिओच्या गटात आठव्या आठवड्यात २४० ऑर्डर आल्या, म्हणजे २.४ टक्के. परिणाम मोजायचा तो २४० आणि २१० यांमधला, ३० ऑर्डरचा. आधीच्या २०० शी तुलना केली असती तर ४० दिसला असता, आणि त्यातल्या १० हंगामाच्या आहेत.

हे ३० पहिल्या आठवड्यात येत नाहीत. जाहिरातीची आठवण साठत जाते आणि रोज थोडी झिजत जाते. सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये यासाठी अॅडस्टॉक हा शब्द रूढ केला. हिशेब सोपा आहे:

```
A[t] = x[t] + r * A[t-1]
```

`A[t]` म्हणजे त्या आठवड्याचा साठा, `x[t]` म्हणजे त्या आठवड्याचा खर्च आणि `r` म्हणजे मागचा किती साठा उरतो ते. साठा निम्मा व्हायला सहा आठवडे लागत असतील, तर `r` साधारण ०.८९ येतो. सहा हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा खरा आकडा व्हिडिओ बंद झाल्यानंतरच्या १२ आठवड्यांची घसरण बघूनच काढायचा.

दर आठवड्याला सारखाच खर्च धरला आणि आठव्या आठवड्याची वाढ ३० धरली, तर आठ आठवड्यांची वाढ अशी निघते: ५, १०, १५, १८, २२, २५, २८, ३०. बेरीज १५३. मग व्हिडिओ बंद होतात आणि वाढ हळूहळू उतरते: २७, २४, २१, १९, १७, १५ आणि पुढे अशीच. ही उतरती शेपटी शेवटपर्यंत मोजली तर तिची बेरीज साधारण २४५ होते. म्हणजे एकूण ३९८ ऑर्डरपैकी मोहीम चालू असताना १५३ आल्या आणि मोहीम बंद झाल्यावर २४५. पाचातले तीन भाग खर्च थांबल्यानंतर मिळाले.

तुमचं तिसरं निरीक्षण इथे उलगडतं. जाहिराती बंद केल्यावर महिनाभर विक्री तशीच राहिली, ती बहुधा साठा संपायला वेळ लागतो म्हणून. चौथ्या आठवड्यातही ३० पैकी १९ ऑर्डर येतच असतात. एकूण विक्रीच्या आठवड्याच्या चढ-उतारात ११ ऑर्डरची घट कुणाच्याही नजरेत भरत नाही. ती जाणवते तीन-चार महिन्यांनी, आणि तोवर सर्चचा खर्च महाग का झाला याची कारणं लिलावात, हंगामात आणि पानाच्या रंगात शोधली जात असतात.

आता पैसे. चलन कुठलंही धरा, मी फक्त एकक म्हणतो. एक क्लिक १ एककाला पडतो, म्हणजे आठवड्याचा सर्चचा खर्च १०,००० एकक. व्हिडिओ नसलेल्या गटात एक ऑर्डर ४७.६ एककांना पडते. व्हिडिओच्या गटात आठव्या आठवड्यात ती ४१.७ ला पडते. व्हिडिओचा खर्च आठवड्याला २,०००, एकूण १६,०००. जाहिरातीचा खर्च धरण्यापूर्वी एका ऑर्डरमागे ६० एकक सुटतात असं समजू.

मोहीम संपल्या दिवशी हिशेब मांडला, तर १५३ गुणिले ६० म्हणजे ९,१८० एकक हाती आले आणि १६,००० गेले. सरळ तोटा, आणि बहुतेक कंपन्यांत ब्रँडचं बजेट याच दिवशी कापलं जातं. बारा आठवडे थांबलं तर शेपटीतल्या आणखी साधारण १८४ ऑर्डर जमा होतात, एकूण ३३७, आणि हाती २०,२२० येतात. खर्च भरून निघायला २६७ ऑर्डर लागतात, तो टप्पा व्हिडिओ बंद झाल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात गाठला जातो. थेट येणाऱ्यांची आणि बाकी वाटांची वाढ यात धरलेली नाही.

हाच हिशेब उलटाही निघू शकतो. साठा दोन आठवड्यांतच निम्मा होत असेल, तर आठव्या आठवड्यात तीच ३० ची वाढ दिसूनही एकूण ऑर्डर साधारण २५० पर्यंतच जातात आणि १६,००० भरून निघत नाहीत. म्हणून शेपटी अंदाजाने धरू नका. ब्रँडच्या बाजूने बोलणारे लोक शेपटी लांब धरतात, परफॉर्मन्सच्या, म्हणजे लगेच विक्री मागणाऱ्या जाहिरातींच्या, बाजूचे शून्य धरतात, आणि दोघांनीही ती मोजलेली नसते.

स्वयंचलित बोलीचा घोळ

अशा चाचण्या सर्वांत जास्त इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं लक्षातही येत नाही. अनेक खाती आज टार्गेट सीपीएवर चालतात, म्हणजे एका ऑर्डरमागे अमुक इतका खर्च येऊ दे, असं यंत्रणेला सांगितलेलं असतं. व्हिडिओच्या विभागांत कन्व्हर्जन रेट वाढू लागला की यंत्रणेला तो दिसतो. ती म्हणते, इथे ऑर्डर स्वस्त पडते आहे, मग बोली वाढवायला वाव आहे. बोली वाढली की क्लिक महाग होतात, आणि पूर्वी न जिंकलेल्या, कमी प्रतीच्या शोधांवरही जाहिरात दिसू लागते. त्या नव्या क्लिकचा रेट कमी असतो. थोड्या आठवड्यांत दोन्ही गटांत ऑर्डरमागचा खर्च पुन्हा सारखाच दिसतो, कन्व्हर्जन रेटमधला फरकही जवळपास मिटतो, आणि अहवालात लिहिलं जातं की ब्रँडचा परिणाम आढळला नाही. परिणाम झालेला असतो. तो यंत्रणेने जास्त क्लिक विकत घेण्यात खर्चून टाकलेला असतो.

उपाय दोन आहेत. शक्य असेल तर चाचणीच्या काळात ब्रँडचं नाव नसलेल्या सर्चच्या मोहिमा विभागवार वेगळ्या काढा आणि त्यांवर मॅन्युअल बोली ठेवा, दोन्ही गटांत तीच. हे परवडत नसेल, तर स्वयंचलित बोली राहू द्या पण रेट आणि ऑर्डरमागचा खर्च पाहणं सोडा. त्याऐवजी दोन्ही गटांतल्या एकूण ऑर्डर आणि एकूण सर्च खर्च पाहा. टार्गेट सीपीएवर ब्रँडचा परिणाम ‘त्याच दराने जास्त ऑर्डर’ या रूपात उतरतो. व्हिडिओच्या गटात सर्चचा खर्च आपोआप वाढत गेला, तर ती वाढच पहिली खूण आहे.

रिटार्गेटिंगबाबतही सांभाळा. व्हिडिओमुळे आलेल्या त्या पाच हजार लोकांमागे रिटार्गेटिंग आपोआप धावतं आणि त्यांच्या ऑर्डर आपल्या नावावर घेतं. चाचणीत त्याचं बजेट दोन्ही गटांत सारखं बांधून ठेवा.

फरक खरा की योगायोग?

एका आठवड्याच्या २१० ऑर्डर नुसत्या योगायोगाने साधारण १४-१५ ने इकडेतिकडे होतात, म्हणजे सुमारे ७ टक्के. एकेका आठवड्यावरून काही म्हणणं धाडसाचं आहे. आठ आठवड्यांच्या एकत्रित ऑर्डर घेतल्या तर व्हिडिओ नसलेल्या गटात १,६८० आणि व्हिडिओच्या गटात १,८३३, वाढ सुमारे ९ टक्के. या आकड्यांवर योगायोगाची नेहमीची हालचाल साधारण साडेतीन टक्के येते. नऊ टक्के त्यापेक्षा बरेच मोठे आहेत, पण निवांत राहावं इतके नाहीत, कारण विभागांचे आपापले चढ-उतार साडेतीनच्या वर असतात.

त्यासाठी सुरुवातीलाच एक रंगीत तालीम करा. मागच्या वर्षातले असे काळ घ्या जेव्हा कुठेच व्हिडिओ नव्हते. तेच दोन गट धरून तीच वजाबाकी आठ-आठ आठवड्यांच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर करा. उत्तर शून्याच्या जवळपास यायला हवं. ते कधी अधिक १० तर कधी उणे १० येत असेल, तर तुमच्या मांडणीत ९ टक्क्यांचा परिणाम दिसणारच नाही. मग विभाग पुन्हा जोडा, काळ वाढवा किंवा व्हिडिओचा खर्च निवडक विभागांत दाट करा. पातळ खर्च सगळीकडे शिंपडण्यापेक्षा थोड्या विभागांत पुरेसा दाट खर्च केला, तर निदान उत्तर तरी मिळतं.

या मोजणीसाठी मेटाचं जिओलिफ्ट आणि गूगलचं कॉझलइम्पॅक्ट ही दोन्ही साधनं मोफत आहेत. चाचणीचे विभाग निवडायला जिओलिफ्ट मदत करतं, आणि परिणामाभोवतीची अनिश्चिततेची पट्टी दोन्ही काढून देतात. वर सांगितलेल्या गळत्या मात्र ती पकडत नाहीत.

आठवड्याला एकूण तीस-चाळीसच ऑर्डर येत असतील, तर कन्व्हर्जन रेटवरची ही चाचणी करू नका, उत्तर गोंगाटात बुडेल. तेव्हा तुमच्या नावाचे शोध आणि त्याच प्रकारच्या सगळ्या ब्रँडांच्या नावांचे शोध यांचं गुणोत्तर पाहा. लेस बिने आणि जेम्स हँकिन्स यांनी २०२० पासून ‘शेअर ऑफ सर्च’ या नावाने ते माप पुढे आणलं. शोधांची संख्या ऑर्डरपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे व्हिडिओच्या विभागांत ते आधी हललेलं दिसतं. ते ऑर्डरची जागा घेत नाही, पण ते मुळीच हललं नाही तर पुढे कन्व्हर्जन रेट हलेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

बजेटचं काय करावं

साठ-चाळीसचं प्रमाण तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते बिने आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनच्या आयपीए या संस्थेकडच्या मोहिमांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये काढलं. ६० टक्के ब्रँडला, ४० टक्के तत्काळ विक्रीला. ती सरासरी आहे, आणि त्या नोंदी पुरस्कारांसाठी पाठवलेल्या मोहिमांच्या आहेत, म्हणजे फसलेल्या मोहिमा त्यांत फारशा नाहीत. दिशा म्हणून ते उपयोगी आहे. तुमच्या खात्यात उतरवायचा आकडा म्हणून मी ते वापरणार नाही.

तुमच्यासाठी कसोटी अशी. आधी शेवटच्या एककाचा हिशेब काढा: सर्चचं बजेट १०,००० वरून १२,००० केलं तर वरच्या २,००० एककांनी किती ऑर्डर आल्या? सरासरी ४७.६ असली तरी त्या वाढीव ऑर्डर ६० किंवा ८० एककांना पडत असतात, कारण चांगले शोध आधीच घेतलेले असतात. ८० ला पडत असतील, तर प्रत्येक वाढीव ऑर्डरवर तुम्ही २० एकक गमावता आणि सरासरी ते झाकून ठेवते. वरच्या उदाहरणात ब्रँडचे १६,००० एकक आणि ३९८ ऑर्डर, म्हणजे ऑर्डरमागे ४०. अशा स्थितीत पैसे सर्चकडे वळवणं तोट्याचं ठरेल. सर्चच्या वाढीव ऑर्डर अजून ३५ ला मिळत असतील, तर आधी सर्च भरा, ब्रँड थांबू शकतो.

ब्रँडचा खर्च वाया जाणारी एक परिस्थितीही तपासून घ्या. पसंतीची गादी वारंवार संपलेली असते, घरपोच द्यायला तीन आठवडे लागतात किंवा परत घेण्याची अट पैसे भरायच्या पानावर सापडत नाही, तर ओळखून आलेला माणूसही तिथूनच परत जातो. व्हिडिओच्या गटात गादी कार्टमध्ये टाकणाऱ्यांचं प्रमाण वाढलं पण पैसे भरणाऱ्यांचं नाही, असं दिसलं तर अडचण तिथे आहे. म्हणून चाचणीत क्लिक ते ऑर्डर या एका रेटऐवजी क्लिक ते कार्ट आणि कार्ट ते पैसे असे दोन तुकडे वेगळे नोंदवा.

तुमच्या मागच्या आठ आठवड्यांचा निकाल आता काढता येणार नाही, कारण तुलनेसाठी व्हिडिओ नसलेले विभाग ठेवलेच नव्हते. त्या मोहिमेचा साठा अजून उतरत असेल, म्हणून नवी नोंद सुरू करण्यापूर्वी निदान १२ आठवडे जाऊ द्या. तेवढ्यात विभागांच्या जोड्या आणि रंगीत तालीम होऊन जाईल.